धंद्याचे देणे कोणाच्या डोक्यावर?

नवा धंदा सुरू करताना ‘प्रोप्रायटरशिप ठेवू, भागीदारी करू की प्रायव्हेट लिमिटेड काढू?’ हा प्रश्न बहुतेक जण सी.ए.ला विचारतात आणि उत्तराची अपेक्षा करतात ती कराच्या आकड्यांत. कर कुठे कमी लागेल, कर्ज कुठे लवकर मिळेल आणि पाटीवर काय शोभून दिसेल, एवढ्यावर निर्णय होतो. पण या तीन रूपांमधला मूळ फरक कराचा नाही, तो देण्याचा आहे. धंद्याने केलेली उधारी फिटली नाही, तर वसुलीसाठी आलेला माणूस कोणाच्या दारापर्यंत जाऊ शकतो, हे प्रत्येक रूपात वेगळे ठरते. पैसे कोणाचे, सही कोणाची, एक माणूस गेला तर पुढे काय, हे बाकीचे फरक त्यातूनच निघतात. म्हणून रूप निवडताना सुरुवात देण्यापासून करावी आणि कराचा हिशेब शेवटी मांडावा.

हे नीट दिसावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत वापरू. समजा, सांगलीत हळद, मिरची दळून मसाले पॅक करणारा एक छोटा कारखाना आहे. बँकेचे कॅश क्रेडिट 14 लाखांचे आहे आणि त्यासाठी यंत्रे व माल बँकेकडे तारण आहे. मिरचीचे व्यापारी, पाकिटे छापणारा आणि वाहतूकदार यांचे मिळून 16 लाख देणे आहे. म्हणजे एकूण देणे 30 लाख. एका मोठ्या खरेदीदाराने माल परत पाठवला, पैसे अडकले आणि कारखाना बंद करावा लागला. यंत्रे आणि उरलेला माल विकून 18 लाख हाती आले. कामगारांची देणी आणि विक्रीचा खर्च सोपेपणासाठी बाजूला ठेवू. तारण बँकेकडे असल्याने तिचे 14 लाख आधी फिटतात. उरलेले 4 लाख व्यापाऱ्यांना मिळतात आणि त्यांचे 12 लाख बुडीत दिसतात. या 12 लाखांचे पुढे काय होते, तेच आपल्याला पाहायचे आहे.

कारखाना एकट्याच्या मालकीचा असेल, तर उत्तर सरळ आहे. कायद्याच्या नजरेत मालक आणि धंदा असे दोन वेगळे कोणी नाहीतच. पाटीवर कोणतेही नाव असले तरी पॅन मालकाचा, जीएसटी नोंदणी त्याच्याच पॅनवर आणि करारातली सहीही त्याचीच. त्यामुळे 12 लाखांसाठी व्यापारी दावा लावून त्याच्या ठेवीवर, प्लॉटवर, राहत्या घरातल्या त्याच्या हिश्श्यावरही जप्ती आणू शकतात. याची दुसरी बाजू अशी की या रूपात मोकळीक सर्वांत जास्त आहे. गल्ल्यातून मुलाची फी भरली, तर ती फक्त मालकाची उचल. ती वहीत लिहायची, पण कोणाची परवानगी घ्यायची नाही. कामगार ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असतील, तर महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली दुकान, कार्यालय यांसारख्या आस्थापनेला नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरते. मालविक्रीची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल आणि विक्री राज्यातल्या राज्यात असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीचीही सक्ती नाही. उद्यम नोंदणी तिन्ही रूपांना मिळते, तेव्हा केवळ तिच्यासाठी कंपनी काढण्याची गरज नाही.

आता तोच कारखाना दोन मैत्रिणींच्या भागीदारीत आहे असे समजू. नफा निम्मा-निम्मा. एकीच्या नावावर फ्लॅट आहे, दुसरी भाड्याच्या घरात राहते. पुष्कळांना वाटते की 12 लाखांपैकी प्रत्येकीने 6 लाख द्यायचे आणि मोकळे व्हायचे. 1932च्या भागीदारी कायद्यात तसे नाही. फर्मच्या प्रत्येक देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे जबाबदार असतो आणि एकेकट्यानेही पूर्ण जबाबदार असतो. व्यापारी सगळे 12 लाख फ्लॅटवालीकडून वसूल करू शकतात. मैत्रिणीकडून 6 लाख परत मिळवणे हा नंतर त्या दोघींमधला प्रश्न, आणि जिच्याकडे काही नाही तिच्याकडून मिळणार काय? थोडक्यात, नफा करारातल्या प्रमाणात वाटला जातो, पण तोटा ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याच्याकडे ओढला जातो. भागीदार निवडताना तिच्या हुशारीइतकाच तिच्या आर्थिक स्थितीचाही विचार करावा लागतो तो यासाठी.

यातूनच भागीदारीतला सर्वांत मोठा धोका निघतो. धंद्याच्या नेहमीच्या कामांत प्रत्येक भागीदार हा बाकीच्यांचा मुखत्यार असतो. एकीने दुसरीला न विचारता 8 लाखांचे पॅकिंग यंत्र उधारीवर मागवले, तर फर्म बांधली जाते. ‘5 लाखांवरील खरेदीला दोघींची सही हवी’ असे करारनाम्यात लिहिले असले, तरी विक्रेत्याला ते माहीत नसेल तर त्याच्यावर ते बंधन येत नाही. अशी मर्यादा खरोखर पाळायची असेल तर बँकेत दोन सह्यांची सूचना द्यावी आणि मोठ्या पुरवठादारांना आधीच लेखी कळवावे. घरातल्या स्त्रीला, आईला किंवा पत्नीला, ‘नावापुरती’ भागीदार करण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. कायद्याला नावापुरता भागीदार ठाऊक नाही. जिने कधी कारखान्याचे हिशेब पाहिले नाहीत, तिच्या स्त्रीधनावर आणि ठेवीवरही ही देणी येऊ शकतात. कोणालाही असे सहीसाठी बसवण्याआधी तिला हे स्वच्छ शब्दांत सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

यावर आक्षेप येतो तो असा की आम्ही सख्खे भाऊ आहोत किंवा जन्माच्या मैत्रिणी आहोत, आम्हाला कागद कशाला? प्रेम कमी आहे म्हणून करारनामा करायचा नसतो. कागद नसेल तर जागा रिकामी राहत नाही, तिथे कायदा स्वतःचे नियम भरतो. करारात काही लिहिले नसेल तर नफा-तोटा समसमान, मग एकाने 9 लाख घातले असोत आणि दुसऱ्याने 1 लाख. दिवसभर राबणाऱ्या भागीदाराला त्या कामाचा मोबदला मागता येत नाही. ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त पैसे घातले, तर त्या जादा रकमेवर वर्षाला 6 टक्के व्याज मिळते, इतकेच. हे नियम बहुतेक घरांना मान्य होणारे नाहीत, पण वाद झाल्यावर ते लागू होतात. म्हणून करारनाम्यात निदान पाच गोष्टी असाव्यात: भांडवल आणि त्यावरचे व्याज, नफ्याचे प्रमाण, काम करणाऱ्या भागीदाराचे मानधन, खात्यावर सही कोणाची, आणि कोणी बाहेर पडल्यास त्याचा हिस्सा कसा मोजायचा व किती हप्त्यांत द्यायचा. करारनाम्यावर मुद्रांक शुल्क भरावे आणि फर्म निबंधकाकडे नोंदवावी. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंद नसलेली फर्म करारातून आलेल्या येण्यासाठी गिऱ्हाइकावर दिवाणी दावा लावू शकत नाही. तिच्यावर मात्र कोणीही दावा लावू शकते. आपल्या कारखान्याचे पैसे ज्या खरेदीदाराकडे अडकले, त्याच्यावर दावा लावायच्या दिवशी ही चूक उमगते.

बाहेर पडण्याचाही एक नियम लक्षात ठेवावा. भागीदार निवृत्त झाला, हिशेब चुकता झाला, तरी जाहीर सूचना दिली जात नाही तोवर पुढच्या देण्यांची जबाबदारी त्याला चिकटून राहू शकते. नोंदणीकृत फर्मच्या बाबतीत ही सूचना निबंधकाला, राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या एका वर्तमानपत्रात द्यावी लागते. त्याशिवाय बँकेला आणि नेहमीच्या व्यापाऱ्यांना स्वतंत्र पत्र द्यावे. निवृत्तीच्या आधीची देणी मात्र सूचनेने सुटत नाहीत. ती सोडवायची तर त्या सावकाराची संमती लागते.

तिसरे रूप प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे. 2013च्या कंपनी कायद्याखाली तिला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात, आणि तेच दोघे दोन्ही भूमिकांत असू शकतात. किमान भांडवलाची अट 2015 मध्ये काढून टाकली गेली. इथे कायदा एक नवी व्यक्ती जन्माला घालतो. यंत्रे तिची, माल तिचा, येणी तिची आणि देणीही तिचीच. आपल्या उदाहरणातले 16 लाखांचे व्यापारी कंपनीचे सावकार आहेत. कंपनीची मालमत्ता विकून 4 लाख मिळाल्यावर त्यांची वाट तिथेच संपते. भागधारकाने शेअर्सचे पैसे पूर्ण भरले असतील, तर त्याच्या घरापर्यंत येण्याचा त्यांना सर्वसाधारणपणे हक्क नाही. कंपनी काढून मिळते ते हे संरक्षण.

जाणकारांचा आक्षेप इथेच येतो आणि तो वजनदार आहे. बँक छोट्या कंपनीला कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच, मग संरक्षण उरले कुठे? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. माल विकून 18 ऐवजी 10 लाखच आले असते, तर बँकेचे 4 लाख राहिले असते आणि हमी दिलेल्या संचालकाला ते घरातून भरावे लागले असते. कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया होऊन तिची देणी कमी केली गेली, तरी हमीदार आपोआप सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ललित कुमार जैन प्रकरणात स्पष्ट केले. सरकारी देण्यांचेही तसेच. खासगी कंपनीचा जीएसटी वसूल होत नसेल तर तो संचालकांकडून मागता येतो. आपला मोठा निष्काळजीपणा किंवा कर्तव्यात कसूर नव्हती हे संचालकाला सिद्ध करावे लागते. न वटलेल्या चेकची फौजदारी जबाबदारीही कारभार पाहणाऱ्या संचालकांवर येते. पण यातून कंपनी निरुपयोगी आहे असे ठरत नाही. ज्याला हमी दिली त्याच्यापुरती भिंत पडते, बाकीच्यांसाठी ती उभीच असते. पहिल्या हिशेबात व्यापाऱ्यांचे 12 लाख त्या भिंतीपलीकडेच राहिले. त्यामुळे कंपनी हवी की नको हे ठरवताना एकूण देणे पाहू नये. हमी न देता किती देणे उभे राहणार आहे, ते पाहावे. धंदा जवळजवळ सगळा बँकेच्या पैशावर चालणार असेल तर कंपनीचे संरक्षण थोडे आहे. व्यापाऱ्यांची उधारी मोठी असेल, मोठ्या खरेदीदाराशी भरपाईच्या कलमाचा करार असेल, किंवा खाद्यपदार्थ, औषध, वीजउपकरण अशा मालामुळे ग्राहकाच्या नुकसानीचा दावा येऊ शकत असेल, तर ते मोठे आहे.

ही भिंत मात्र दोन्ही बाजूंनी असते आणि नव्या संचालकाला जड जाते ती आतली बाजू. कंपनीचे पैसे त्याचे राहत नाहीत. 1925 मध्ये इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर आयर्लंडमधल्या मॅकॉरा नावाच्या गृहस्थांचे प्रकरण आले होते. त्यांनी आपले सगळे लाकूड स्वतःच्या कंपनीला विकले होते, जवळजवळ सर्व शेअर्स त्यांचेच होते, पण विमा त्यांच्या वैयक्तिक नावावर होता. लाकूड जळाले आणि भरपाई नाकारली गेली, कारण जळालेले लाकूड त्यांचे नव्हते, कंपनीचे होते. प्रोप्रायटरशिपची कंपनी करणाऱ्याने हे प्रकरण आठवावे. गोदामाचा विमा, जागेचा भाडेकरार, जीएसटी क्रमांक, खाद्यपदार्थांचा परवाना, बँकखाते, सगळे कंपनीच्या नावाने नव्याने करावे लागते. एक जरी जुन्या नावावर राहिले तरी गरजेच्या दिवशी ते कामाला येत नाही. करारावर सही करताना कंपनीचे पूर्ण नाव लिहून ‘करिता’ आणि ‘संचालक’ हे शब्द घालावेत, नाहीतर ती सही वैयक्तिक ठरवली जाण्याचा धोका असतो. घरखर्चासाठी कंपनीतून पैसे हवे असतील तर ते पगार, लाभांश किंवा भाडे अशा ठरलेल्या वाटेनेच काढावेत. उचल म्हणून काढलेली रक्कम संचालकाला दिलेले कर्ज समजली जाऊ शकते. त्यावर कंपनी कायद्याची बंधने आहेत आणि कर विभाग तिला लाभांश मानून कर लावू शकतो.

शिवाय शिस्तीचा खर्च आहे. उलाढाल शून्य असली तरी कंपनीचे दरवर्षी लेखापरीक्षण होते. वार्षिक सभेनंतर हिशेबपत्रके 30 दिवसांत आणि वार्षिक विवरण 60 दिवसांत दाखल करायचे असते. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये जादा शुल्क लागते. दोन्ही फॉर्म 200 दिवस राहिले की 40,000 रुपये झाले. सलग तीन वर्षे दाखल केले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. प्रोप्रायटरशिप बंद करताना देणी भागवून नोंदण्या रद्द केल्या की झाले. कंपनी बंद करायला मात्र स्वतंत्र अर्ज, शुल्क आणि सगळी थकलेली विवरणे लागतात. ‘पुढे लागेल’ म्हणून काढून ठेवलेली आणि विसरलेली कंपनी ही अशीच महागात पडते.

आता कर. कारखान्याला 15 लाख नफा झाला असे धरून 2025-26 या आर्थिक वर्षाचे दर लावू. एकट्या मालकाचे दुसरे उत्पन्न नसेल, तर नव्या प्रणालीत त्याला उपकरासह 1,09,200 रुपये कर येतो. भागीदारीत करारनाम्यात तशी तरतूद असेल, तर या नफ्यातून दोघींना मिळून 10 लाख 80 हजार मानधन वजा करता येते. उरलेल्या 4 लाख 20 हजारांवर फर्म 31.2 टक्क्यांनी 1,31,040 रुपये भरते. प्रत्येकीचे 5 लाख 40 हजार सवलतीच्या मर्यादेत असल्याने, इतर उत्पन्न नसेल तर, त्यांना वेगळा कर येत नाही. कंपनीने सगळा नफा स्वतःकडे ठेवला, तर सवलतीच्या दरानेही तो 25.168 टक्क्यांनी 3,77,520 रुपये होतो. पण दोन्ही संचालकांना कामाच्या मानाने रास्त असा साडेसात-साडेसात लाख पगार दिला, तर कंपनीकडे करपात्र नफा उरत नाही आणि त्या दोघांनाही कर येत नाही. ‘कंपनीचा दर कमी’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कर ठरतो तो कामाला किती हात आहेत, किती पैसे घरी न्यायचे आणि किती धंद्यात ठेवायचे यावर. दर तर दर अर्थसंकल्पात बदलू शकतात. व्यापाऱ्याला 12 लाख कोणी द्यायचे, याचे उत्तर तसे बदलत नाही.

उरला प्रश्न माणूस गेल्यावर काय होते याचा. मालक वारला की प्रोप्रायटरशिप संपते. वारसांना मालमत्ता मिळते आणि मिळालेल्या मालमत्तेपुरती देणीही, पण जीएसटी नोंदणी आणि बहुतेक परवाने त्यांना आपल्या नावाने घ्यावे लागतात. भागीदारी एकाच्या मृत्यूने मोडते. ‘उरलेले भागीदार पुढे चालवतील’ असे कलम लिहिता येते, पण भागीदार दोनच असतील तर त्या कलमाचा उपयोग नाही, कारण एका माणसाची फर्म होत नाही. म्हणून दोघांच्या फर्ममध्ये मृताच्या वारसाला घेण्याची तरतूद आधीच करावी, अर्थात त्या वारसाची तयारी असेल तरच ती चालते. कंपनी मात्र टिकते, शेअर्स वारसांकडे जातात. तरी ‘कंपनीत भांडणाचा त्रास नाही’ हा समज चुकीचा आहे. शेअर्स निम्मे-निम्मे असतील आणि दोघांचे पटेनासे झाले, तर एकही ठराव मंजूर होत नाही, आणि खासगी कंपनीचे शेअर्स बाहेर सहज विकताही येत नाहीत. बाहेर पडणाऱ्याचे शेअर्स कोण, कोणत्या किमतीला घेईल हे भागधारकांच्या करारात आणि कंपनीच्या नियमावलीत लिहिणे भागीदारीइतकेच गरजेचे आहे.

तेव्हा निर्णय असा करावा. कागदाच्या एका बाजूला येत्या दोन वर्षांत धंद्यावर जास्तीत जास्त किती देणे असेल ते लिहावे, आणि त्याचे दोन भाग करावेत: वैयक्तिक हमी दिलेले आणि न दिलेले. मालाने कोणाला इजा झाल्यास येऊ शकणारा दावा दुसऱ्या भागात धरावा. दुसऱ्या बाजूला, आपली आणि सोबत्याची प्रत्येकी कोणती मालमत्ता आहे ते लिहावे. निर्णय घेणारे तुम्ही एकटे आणि दुसरा भाग घरच्या बचतीतून फिटेल इतका छोटा, तर प्रोप्रायटरशिप पुरेशी आहे. निर्णय घेणारे दोघे-तिघे, हा भाग छोटाच, आणि दुसऱ्याच्या चुकीचे पूर्ण देणे भरायचीही तुमची खरोखर तयारी आहे, तर नोंदणीकृत भागीदारी चालेल. ही तयारी नसेल, किंवा दुसरा भाग तुमच्या घराच्या किमतीला धक्का लावण्याइतका मोठा असेल, तर कंपनीच्या शिस्तीचा खर्च हा त्या घराचा विमा समजून करावा. मर्यादित दायित्वाची भागीदारी, म्हणजे एलएलपी, हा मधला मार्गही याच कागदावर तपासून पाहता येतो. सांगलीच्या कारखान्यासाठी दुसऱ्या भागाचा आकडा 16 लाख होता. तुमचा आकडा काढून मगच सी.ए.कडे जा. त्याला विचारायचा पहिला प्रश्न तुम्हाला त्या आकड्यातच सापडेल.